नव्या खात्यात मोठी रक्कम पहिल्याच दिवशी का जात नाही?

खात्यात पैसे आहेत, नेटवर्क आहे, पिन बरोबर टाकलाय, तरी ॲप सांगतं की एवढी रक्कम आत्ता पाठवता येणार नाही. काम बहुतेक वेळा निकडीचं असतं. फ्लॅटचं टोकन द्यायचं असतं, जुनी गाडी घ्यायची असते किंवा लग्नाच्या केटररला ॲडव्हान्स हवा असतो. समोरचा माणूस फोनवर थांबलेला असतो आणि आपण तीच रक्कम पुन्हा पुन्हा टाकून बघतो. अशा वेळी बऱ्याचदा बिघाड काहीच झालेला नसतो. समोरच्याचं खातं आपण नुकतंच जोडलेलं असतं आणि बँकेने त्या खात्यापुरती वेळेची अट लावलेली असते.

या अटीला कूलिंग पिरियड म्हणतात. खातं जोडल्यापासून काही ठरावीक तास असे असतात, ज्यांत त्या खात्यावर एकतर काहीच पाठवता येत नाही किंवा एका मर्यादेपर्यंतच पाठवता येतं. ज्याला पैसे पाठवायचे त्या जोडलेल्या खात्याला बँकेच्या ॲपमध्ये बेनिफिशियरी म्हणतात. लेखाच्या पुढच्या भागाला एवढे दोन शब्द पुरतील.

## घड्याळं दोन आहेत, आणि लोक ती एक समजतात

पहिलं घड्याळ तुमच्या स्वतःच्या बाजूचं. तुम्ही यूपीआय पहिल्यांदा सुरू केलं किंवा नव्या फोनवर पुन्हा नोंदणी केली की साधारण पहिले 24 तास एकूण 5,000 रुपयांपर्यंतच पाठवता येतात. आयफोनवर काही बँका हीच अट 72 तास ठेवतात. यूपीआय पिन नव्याने बनवला तरी अनेक बँका असंच करतात. समोरचा माणूस तुमचा सख्खा भाऊ असला आणि त्याला तुम्ही दहा वर्षं पैसे पाठवत असलात, तरी ही मर्यादा लागते, कारण शंका समोरच्यावर नसते. हा नवा फोन खरंच तुमच्याच हातात आहे का, हे बँकेला माहीत नसतं.

दुसरं घड्याळ समोरच्याच्या बाजूचं, आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे. बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकून नवा बेनिफिशियरी जोडला की हे सुरू होतं. ते प्रत्येक बँकेत वेगळं असतं, कारण तास आणि रक्कम बँका स्वतः ठरवतात. बऱ्याच जणांना भेटणारा एक प्रकार असा: जोडल्यावर पहिली 30 मिनिटं काहीच जात नाही, आणि पहिल्या 24 तासांत त्या खात्यावर सगळं मिळून 50,000 रुपयांपर्यंतच जातं.

ही कल्पना अचानक आलेली नाही. 28 फेब्रुवारी 2013 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने बँकांना सुचवलं होतं की बेनिफिशियरी जोडला गेला की ग्राहकाला लगेच सूचना जावी आणि एका दिवसात किती बेनिफिशियरी जोडता येतील यावर मर्यादा असावी. बँकांचे आजचे नियम त्याच विचारातून वाढलेले आहेत.

## बेशातल्या फ्लॅटचं टोकन

आता एक व्यवहार घड्याळ लावून बघू. समजा, नागपूरच्या मनीषनगरात भाड्याने राहणारं एक कुटुंब बेशात फ्लॅट घेतंय. शनिवारी दुपारी बोलणी झाली आणि 1,20,000 रुपये टोकन ठरलं. मालक म्हणाले, "भाऊ, आजच टाका, उद्या दुसरी पार्टी येऊन राहिली."

4 वाजून 10 मिनिटांनी त्या गृहस्थांनी मालकांचं खातं जोडलं आणि लगेच 1,20,000 टाकून बघितले. ॲपने नकार दिला, कारण पहिली 30 मिनिटं संपायची होती. 4:40 नंतर त्यांनी पुन्हा पूर्ण रक्कम टाकली. पुन्हा नकार, कारण आता 50,000 ची मर्यादा आडवी आली. मग त्यांनी 50,000 पाठवले आणि ते काही सेकंदांत पोहोचले. उरले 70,000.

चुका सुरू होतात त्या इथून. पहिली म्हणजे रक्कम तोडून पाठवण्याचा प्रयत्न. पस्तीस-पस्तीस हजारांचे दोन भाग केले तरी काही होत नाही, कारण मर्यादा एका व्यवहाराची नसून 24 तासांतल्या बेरजेची आहे. दुसरी चूक अधिक महागात पडते. काहीतरी अडकलंय असं वाटून माणूस बेनिफिशियरी काढून टाकतो आणि पुन्हा जोडतो. त्यासरशी घड्याळ शून्यावर येतं. समजा हे त्यांनी रात्री 9 वाजता केलं, तर जी मर्यादा रविवारी दुपारी 4:10 ला उठणार होती ती रविवारी रात्री 9 ला उठेल.

तिसरा गैरसमज एका रुपयाचा. खातं बरोबर आहे का हे बघायला आपण आधी एक रुपया पाठवतो आणि तो पोहोचला की आता माणूस "जुना" झाला असं धरून चालतो. बँक मोजते ते खातं जोडल्यापासूनचे तास. एक रुपया पोहोचला म्हणजे क्रमांक बरोबर आहे एवढंच कळतं, वेळ त्याने कमी होत नाही.

रविवारची सुट्टी मात्र आड येत नाही. हे तास घड्याळाचे असतात, कामकाजाचे नसतात. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं. काही बँका तास जोडल्यापासून मोजतात, काही खातं सक्रिय झाल्यापासून. म्हणून रविवारी 4:40 उलटल्यावर उरलेले 70,000 पाठवले तर दोन्ही हिशेबांत बसतं.

## बँकेला दोन्ही ओळी सारख्याच दिसतात

त्याच शनिवारी, त्याच सुमारास, धरमपेठेतल्या एका निवृत्त बाईंच्या फोनवर व्हिडिओ कॉल सुरू आहे असं समजा. पलीकडे पोलिसाच्या वेषातला माणूस. "मॅडम, तुमच्या आधारवर पार्सल पकडलं गेलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॉल बंद केला तर पथक घरी येईल. चौकशी होईपर्यंत 1,20,000 सरकारी खात्यात ठेवा." डिजिटल अरेस्ट नावाचं काहीही आपल्या कायद्यात नाही, पण घाबरलेल्या माणसाला ते त्या क्षणी आठवत नाही. त्या खाते क्रमांक टाकतात, ओटीपी टाकतात, स्वतःच्या हाताने.

आता बँकेच्या संगणकावर काय उमटलं ते बघा. बेशाच्या व्यवहारात: जुना ग्राहक, नेहमीचा फोन, पासवर्ड आणि ओटीपी बरोबर, काही मिनिटांपूर्वी जोडलेलं दुसऱ्या बँकेतलं खातं, आणि एरवीच्या मानाने बरीच मोठी रक्कम. धरमपेठेच्या व्यवहारात: अगदी हेच. एक शब्दही वेगळा नाही. एक घर घेतोय आणि दुसरी लुटली जातेय, हे त्या नोंदीत कुठेच लिहिलेलं नसतं.

लोक विचारतात की बँकेने हुशारीने फक्त खोटे व्यवहार का अडवू नयेत. प्रयत्न होतो. जोखमीचा अंदाज घेणाऱ्या यंत्रणा बँकांकडे आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयकडे आहेत, आणि काही व्यवहार त्या थांबवतातही. पण माणूस स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या हाताने पैसे पाठवत असेल तेव्हा यंत्रणेला पकडायला फार थोडं उरतं. हे दोन व्यवहार वेगळे करणारी एकच गोष्ट शिल्लक राहते, ती म्हणजे वेळ. बेशाचा फ्लॅट उद्या दुपारपर्यंत थांबतो, 50,000 हातात पडले की मालकही थांबतात. फसवणाऱ्याला मात्र उद्याची दुपार परवडत नाही. तोवर बाईंची मुलगी फोन करते, शेजारच्या काकू येतात, किंवा नुसती एक झोप झाली की बाईंना स्वतःलाच शंका येते.

## मग त्या तासांत नक्की होतं काय?

पेनिसिलिनचं इंजेक्शन देण्याआधी डॉक्टर कातडीखाली थोडंसं औषध टोचून थांबतात. रिॲक्शन यायची असेल तर ती त्या थोड्याशा औषधावर आणि त्या थांबण्यात दिसते. कूलिंग पिरियडमध्येही रक्कम लहान आणि वेळ मोकळा ठेवलेला असतो. फरक एवढाच की इथे रिॲक्शन बघण्याचं काम बहुतांशी तुमच्याकडे असतं, आणि ते करायचं असतं हेच कित्येकांना कुणी सांगितलेलं नसतं.

कुणीतरी तुमच्या नंबरचं दुसरं सिमकार्ड स्वतःसाठी काढलं, किंवा "केवायसी अपडेट"च्या नावाखाली तुमची स्क्रीन त्याला दिसेल असं ॲप तुमच्या फोनवर टाकायला लावलं, तर तो सर्वांत आधी स्वतःचं एखादं खातं तुमच्या यादीत जोडतो. त्याच क्षणी बँकेचा संदेश येतो की अमुक बेनिफिशियरी जोडला गेला आहे. माझ्या मते बँकेकडून येणाऱ्या सगळ्या संदेशांत हा सर्वांत महत्त्वाचा, कारण तो पैसे जाण्याच्या आधी येतो. पैसे कापल्याचा संदेश नंतरचा असतो. कूलिंग पिरियडने दिलेली ती 30 मिनिटं हा संदेश वाचला जावा यासाठीच असतात. तुम्ही कुणालाही जोडलेलं नसताना हा संदेश आला, तर बँकेच्या क्रमांकावर फोन करून नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांगायचं. क्रमांक कार्डाच्या मागचा घ्यायचा, संदेशात दिलेला नाही. आणि फोनला अचानक रेंजच नसेल, म्हणजे संदेश यायची सोयच कुणी तोडली असेल, तर तीही तितकीच मोठी खूण आहे.

खऱ्या व्यवहारातही हा वेळ वापरता येतो. एप्रिल 2025 पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव आधी दिसण्याची सोय बँकांना द्यावी लागते. त्या नावाची इसारपत्रातल्या नावाशी गाठ घाला. मालक एक आणि खातं त्यांच्या भाच्याचं, असं निघालं तर उरलेले 70,000 पाठवण्याआधी विचारण्यासारखं बरंच काही आहे.

## "पैसा माझा, थांबवणारी बँक कोण?"

हा राग मला समजतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. पण पैसे निघून गेल्यावर काय होतं हे पाहिलं की थांबण्याची किंमत कळते. यूपीआय आणि आयएमपीएसचे पैसे काही सेकंदांत समोरच्या खात्यात जमा होतात आणि व्यवहार तिथे पूर्ण होतो. ते परत ओढून घेणारं बटण तुमच्या बँकेकडे नसतं. फसवणुकीतलं पहिलं खातं बहुतेक वेळा भाड्याने घेतलेलं असतं, कमिशनच्या आशेने कुणीतरी दिलेलं. तिथून रक्कम लगेच चार-पाच खात्यांत फुटते, त्या खात्यांतून आणखी पुढे जाते, आणि शेवटी एटीएममधून रोख निघते.

1930 हा राष्ट्रीय क्रमांक आहे तो यासाठीच. तिथे तक्रार नोंदली की माहिती संबंधित बँकांकडे जाते आणि वाटेत ज्या खात्यात रक्कम सापडेल तिथे ती रोखून धरली जाते. cybercrime.gov.in वरही तक्रार करता येते. पण रोखता येतं ते वाटेत असलेलंच. मुख्य म्हणजे स्वतः पिन किंवा ओटीपी टाकून पाठवलेल्या पैशांची भरपाई बँकेकडून मिळवणं फार अवघड असतं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या नियमांनी ग्राहकाला दिलेलं मोठं संरक्षण त्याच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, आणि त्यातही पिन किंवा ओटीपी स्वतः कुणाला सांगितला असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच धरलं जातं.

बँकांवर माझी तक्रार वेगळी आहे. खातं जोडतानाच मोठ्या अक्षरांत लिहायला हवं की आज या खात्यावर इतकेच रुपये जातील आणि उद्या इतक्या वाजता मर्यादा उठेल. त्याऐवजी अनेक ॲप व्यवहार नाकारल्यावर नुसता कोड दाखवतात. यूपीआयमध्ये Z8 आला तर तुमच्या बँकेने घातलेली रकमेची मर्यादा ओलांडली आहे. U16 आला तर व्यवहार जोखमीचा मानला गेला आहे. पहिल्यात रक्कम कमी करून बघता येते. दुसऱ्यात पुन्हा पुन्हा प्रयत्न न करता बँकेशी बोलावं. दोन्हींत खात्यातले पैसे कमी आहेत असा अर्थ होत नाही, हे लोकांना कुणीतरी सांगायला हवं.

## "आणि दवाखान्यात भरती करायचं असेल तर?"

सर्वांत खरा आक्षेप हाच. रात्री धंतोलीत किंवा रामदासपेठेत पेशंट भरती करायचा आहे, काउंटरवर डिपॉझिट मागतायत, अशा वेळी 24 तास कुठून आणायचे?

इथे मदतीला येतो तो एक फरक. हॉस्पिटलच्या काउंटरवरचा क्यूआर हा व्यापाऱ्याचा असतो, तिथे तुम्ही बेनिफिशियरी जोडत नाही, त्यामुळे दुसरं घड्याळ लागत नाही. एरवी यूपीआयची मर्यादा दिवसाला 1 लाख असली तरी रीतसर नोंद असलेल्या हॉस्पिटलांसाठी ती 5 लाखांपर्यंत आहे, तुमच्या बँकेने ती सोय दिलेली असेल तर. डेबिट कार्डही चालतं. अडचण होते ती आपण दुसऱ्या वाटेने गेलो की. नातेवाईक म्हणतो, "माझ्या खात्यात टाक, मी भरतो," त्याचं खातं आपण तिथे उभ्याउभ्या जोडतो आणि 50,000 वर अडकतो. थेट काउंटरला द्या. ज्या दोन-तीन घरच्या माणसांना अडीअडचणीला पैसे पाठवावे लागतील, त्यांची खाती आज, काही घाई नसताना जोडून ठेवा.

## हे कुठे चालत नाही

पहिली भेग यूपीआयची. क्यूआर किंवा मोबाइल नंबरवर पैसे पाठवताना खातं आधी जोडावंच लागत नाही, म्हणून नेट बँकिंगमधलं हे घड्याळ तिथे बहुतेकदा लागतच नाही. काही बँका नव्या माणसासाठी स्वतःची मर्यादा घालतात, काही घालत नाहीत. नोव्हेंबर 2023 मध्ये बातम्या आल्या होत्या की दोन व्यक्तींमधला पहिलाच व्यवहार 2,000 रुपयांवरचा असेल तर चार तास लावण्याचा विचार सरकारी पातळीवर सुरू आहे. भाजीवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळे यूपीआयवर असताना इतक्या लहान रकमेला चार तास लावणं जड गेलं असतं असं मला वाटतं. पण मोठ्या रकमेच्या पहिल्या व्यवहाराला थोडा वेळ लावणं मला योग्य वाटतं.

दुसरी भेग अधिक खोल आहे. कूलिंग पिरियड घाईवर उतारा आहे, आणि सगळ्या फसवणुका घाईच्या नसतात. शेअर ट्रेडिंगच्या नावाने चालणाऱ्या टोळ्या आठवडेच्या आठवडे गोड बोलतात, सुरुवातीला थोडा नफा परतही देतात. तोवर 24 तास कधीच उलटून गेलेले असतात. डिजिटल अरेस्टमध्येही माणसाला रात्रभर, कधी कित्येक दिवस कॉलवर धरून ठेवतात, घरच्यांशी बोलू देत नाहीत. म्हणजे तो मोकळा वेळच हिसकावून घेतला जातो. काही जण सांगतात, "पाच वेगवेगळी खाती जोडा आणि प्रत्येकात पन्नास-पन्नास हजार टाका." काही जण थेट शाखेत पाठवून आरटीजीएस करायला लावतात आणि काउंटरवर काय सांगायचं तेही पढवतात.

म्हणून एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. समोरचा माणूस तुम्हाला कूलिंग पिरियड कसा चुकवायचा हे समजावत असेल, बँकेने विचारलं तर काय खोटं सांगायचं ते शिकवत असेल, तर पैसे पाठवणं तिथेच थांबवा आणि 1930 लावा. बेशाच्या मालकाला तुम्ही बँकेशी काय बोलता याच्याशी काही देणंघेणं नसतं.

## रजिस्ट्रीच्या आधीची तयारी

मोठा व्यवहार ठरला की समोरच्याचं खातं त्याच दिवशी जोडा, पैसे द्यायच्या दिवशी नको. जोडल्यावर एक रुपया पाठवा आणि पोहोचला का ते त्यांना फोन करून विचारा, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. मग आपल्या स्वतःच्या रोजच्या मर्यादेकडे बघा. ती बेनिफिशियरीच्या मर्यादेपेक्षा वेगळी असते आणि ॲपमधून वाढवता येते, पण अनेक बँकांत वाढवलेली मर्यादाही लगेच लागू होत नाही, तिलाही 24 तासांपर्यंत लागू शकतात. 24 तास थांबून नवं खातं मोकळं झालं, आणि मग कळलं की आपलीच मर्यादा कमी आहे व ती आज वाढवली तर उद्या लागू होईल, असं होऊन रजिस्ट्रीच्या दिवशी माणसं अडकतात. दोन्ही कामं एकाच दिवशी केली तर दोन्ही घड्याळं सोबत चालतात.

त्या आठवड्यात फोन बदलू नका आणि यूपीआय पिनही बदलू नका. आणि रक्कम 2 लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर चेकबुक घेऊन शाखेत जा आणि आरटीजीएसचा फॉर्म भरा. तिथे ॲपमधली बेनिफिशियरीची मर्यादा लागत नाही, आणि फॉर्मवर खाते क्रमांक दोनदा तपासून घ्यायला समोर एक माणूस असतो.